गडद रंग मळ झाकत नाही: मुलांचा रेनकोट, दप्तर आणि डबा घेताना या चुका टाळा

जून उजाडला की महाद्वार रोडवर आणि राजारामपुरीत शाळेच्या खरेदीला गर्दी होते, आणि दुकानादुकानांत एकच वाक्य ऐकू येतं: "गडद घ्या, मळ दिसायचा नाही." मग दप्तर नेव्ही ब्लू, डब्याची पिशवी काळी आणि रेनकोटही गडद निळा घरी येतो. या एका वाक्यात दोन चुका आहेत. गडद कपड्यावर कोल्हापूरचा चिखल लपत नाही, आणि पावसात गडद रंगातलं पोर गाडीवाल्याला दिसत नाही.

आधी चिखलाचं बघू. ओला चिखल गडद दिसतो, पण वाळला की तो फिका, तांबूस-भुरा होतो. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा या बाजूची माती तांबडी आणि शिरोळकडची काळी असली, तरी वाळलेला शिंतोडा मूळ मातीपेक्षा फिकाच असतो. काळ्या किंवा नेव्ही कापडावर तो ठिपक्यांसारखा उठून दिसतो. मळ झाकतो तो मातीच्या जवळचा, मधल्या छटेचा रंग: विटकरी, तपकिरी, मेंदी, करडा. त्यातही एकसंध रंगापेक्षा दोन छटांचे धागे मिसळलेलं किंवा बारीक ठिपक्यांचं कापड चांगलं, कारण नजरेला डागाची कड सापडत नाही.

अडचण अशी की उठून दिसण्यासाठी रंग आजूबाजूपेक्षा वेगळा लागतो आणि मळ झाकण्यासाठी मातीसारखा. एकच रंग दोन्ही कामं करू शकत नाही. म्हणून कामं वाटून द्यावी लागतात. रेनकोटाचं काम दिसणं, दप्तराच्या तळाचं काम मळ झाकणं. डब्याच्या आतल्या भागाने मात्र काहीही झाकू नये.

चूक पहिली: पारदर्शक किंवा गडद रेनकोट

पारदर्शक रेनकोट छान दिसतो आणि स्वस्तही असतो. पण त्यातून जे दिसतं ते आतलं दप्तर आणि गणवेश. दोन्ही गडद असतील तर रेनकोट घालूनही उपयोग शून्य. पाऊस सुरू असताना दप्तर रेनकोटाखाली असतं, म्हणजे दप्तराचा रंग कितीही भडक असला तरी त्या वेळी तो कुणालाच दिसत नाही. पाठीमागून येणाऱ्या रिक्षावाल्याला फक्त रेनकोटाची पाठ आणि टोपी दिसते. म्हणून सगळ्यांत जास्त विचार रेनकोटाच्या पाठीचा करायचा.

ढगाळ उजेडात सर्वांत चांगले दिसतात ते भडक, चमकणारे लिंबू-पिवळा आणि नारिंगी. या फ्लोरोसंट रंगांवर पडणारा अतिनील आणि निळा प्रकाश ते दिसणाऱ्या रंगात बदलून परत टाकतात, म्हणून पावसाळी अंधारलेल्या दुपारीही ते आतून पेटल्यासारखे वाटतात. साधा पिवळा त्या मानाने फिका पडतो. लाल रंगाबद्दल मोठा गैरसमज आहे. भर उन्हात लाल उठून दिसतो, पण उजेड कमी झाला की आपल्या डोळ्याला तो काळपट दिसू लागतो. हिरवा रेनकोट झाडीत आणि उसाच्या कडेला हरवतो, तर करडा ओल्या डांबरात.

पिवळा की नारिंगी, हे रस्त्यावर ठरवा. शहरात, ओलं डांबर आणि करड्या भिंती असतील तिथे लिंबू-पिवळा उत्तम. ऑगस्टमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच झालेला ऊस असेल तर नारिंगी घ्या, कारण हिरव्यात पिवळट हिरवा मिसळतो आणि नारिंगी मिसळत नाही.

रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका. रेनकोट घेऊन दारात या, एकाला तो धरून तीस पावलं लांब उभं करा आणि डोळे अर्धवट मिटून बघा. नजर शोधत न जाता रेनकोटावर पडली तर रंग पास.

वाढत्या अंगाचा रेनकोट घ्यायची आपली सवय इथे नडते. तीन वर्षं पुरावा म्हणून मोठा घेतला की घेर चिखलात लोळतो, बाह्या दुमडाव्या लागतात आणि बाहीवरची चमकपट्टी घडीत जाते. शिवाय फ्लोरोसंट रंग उन्हाने उतरतो. दोन पावसाळ्यांनंतर नव्या कापडाशेजारी धरून बघितलं तर फरक कळतो. म्हणून दप्तर अडकवून घातल्यावर गुडघ्याखाली थोडाच येईल इतकाच घ्या. पाठीला दप्तरासाठी जादा जागा शिवलेली हवी. नाहीतर दप्तरामुळे मागची बाजू वर उचलली जाते आणि पट्ट्याही वर सरकतात.

चूक दुसरी: भडक रंगालाच रात्रीची चमक समजणं

फ्लोरोसंट रंगाला काम करायला दिवसाचा उजेड लागतो. अंधारात, गाडीच्या दिव्यात तो फारसा मदतीला येत नाही. तिथे लागते प्रकाश परत फेकणारी पट्टी, जी दिव्याचा उजेड आला त्याच दिशेने, म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे पाठवते. दुकानात या दोन्हींना रेडियमच म्हणतात, म्हणून नाव घेऊन मागू नका, पारखून घ्या.

पारख सोपी आहे. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पट्टी दहा पावलांवर धरायला सांगा. मोबाइलचा टॉर्च आपल्या डोळ्याशेजारी, गालाला लावून धरा. खरी पट्टी पांढरी लख्ख पेटते. नुसती चंदेरी, चकचकीत पट्टी एका कोनातच चमकते आणि जरा हलवली की विझते. मग पट्टीवर पाणी शिंपडून पुन्हा बघा. उघड्या काचेच्या मण्यांच्या पट्ट्या ओल्या झाल्या की बरीचशी चमक गमावतात, आणि आपल्याला ती पावसातच हवी आहे. ओली असताना विझणारी पट्टी रेनकोटासाठी नको.

पट्टी साधारण 5 सेंटीमीटर रुंद असावी. एक पाठीवर दप्तराच्या फुगवट्याच्या खाली, एक छातीवर आणि एकेक दोन्ही बाह्यांच्या मनगटाजवळ. चालताना हात हलतात आणि हलणारी चमक लवकर लक्षात येते. विकत घेतलेल्या रेनकोटाला पट्टी नसेल तर चिकटणारी लावा. मधोमध शिवली तर सुईच्या भोकांतून पाणी आत येतं, आणि इस्त्रीने चिकटवायला गेलात तर प्लॅस्टिक वितळतं.

हे फक्त पावसाळ्यासाठी नाही. जानेवारीत कोल्हापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. शनिवारच्या सकाळच्या शाळेला निघालेलं पोर अर्ध्या अंधारातच रस्त्यावर असतं, तेही रेनकोटाशिवाय. म्हणून दप्तराच्या मागच्या कप्प्यावर आणि खांद्याच्या पट्ट्यांवरही ही पट्टी हवी. दप्तराचं कापड जाड असल्याने तिथे ती शिवली तरी चालते.

चूक तिसरी: दप्तर वरपासून खालपर्यंत एकाच रंगाचं

दप्तर मळतं ते प्रामुख्याने खालच्या चार-पाच इंचांत, कारण ते वर्गातल्या फरशीवर, रिक्षात पायाशी आणि ओल्या पायरीवर टेकवलं जातं. वरचा भाग त्या मानाने स्वच्छ राहतो, आणि मागून येणाऱ्याच्या नजरेत नेमका तोच येतो. म्हणून तळ आणि खालची पट्टी तपकिरी, विटकरी किंवा मिश्र करड्या धाग्याची, आणि वरचा कप्पा नारिंगी किंवा पिवळा असं दोन रंगांचं दप्तर घ्या. आतलं अस्तर फिकं असावं. काळ्या अस्तरात खोडरबर, टोकयंत्र सापडत नाही आणि सांडलेली आमटीही दिसत नाही.

शिवाजी पेठेतल्या एका पहिलीतल्या मुलीचं उदाहरण घेऊ. उंची साधारण 110 सेंटीमीटर, गणवेश नेव्ही आणि पांढरा, गल्लीतून चालत मुख्य रस्ता ओलांडायचा आणि शाळेच्या रिक्षाची वाट बघायची. नेहमीची खरेदी म्हणजे पारदर्शक रेनकोट आणि काळं दप्तर. मागून बघितलं तर पावसात एक काळा चौकोन आणि दोन पाय एवढंच दिसतं. त्याऐवजी लिंबू-पिवळा रेनकोट आणि त्यावर चार पट्ट्या, म्हणजे मुसळधार पावसात डोक्यापासून गुडघ्यापर्यंत ती पिवळी दिसते. पाऊस थांबला आणि रेनकोट निघाला की दप्तराचा नारिंगी वरचा कप्पा काम करतो. डबक्यावरून गेलेल्या दुचाकीचे शिंतोडे रेनकोटाच्या खालच्या घेरावर उडतात. तिथे ते दिसणारच, पण ते गुळगुळीत कापड ओल्या फडक्याने पुसता येतं. दप्तर तसं पुसता येत नाही, म्हणून त्याच्या तळाशी विटकरी रंग ठेवला.

चूक चौथी: डब्याच्या आतही डाग न दिसणारा रंग

डब्याची पिशवी हवी तर तपकिरी चौकड्याची घ्या, तिच्यावर तेल सांडतंच. पण अन्न जिथे टेकतं तिथे मळ दिसायलाच हवा. आतलं भांडं स्टीलचं आणि झाकणातली रबरी कडी फिकट किंवा पारदर्शक असावी. काळ्या किंवा गडद निळ्या कडीखाली बुरशीचे काळे ठिपके धरले तरी कळत नाही, मग फक्त कुबट वास येतो. फिक्या कडीवर हळदीचा पिवळेपणा चढेल. तो चालेल, त्याने काही बिघडत नाही. कडी रोज काढून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.

प्लॅस्टिकच्या झाकणाचा रंग मात्र पिवळा, नारिंगी किंवा लाल घ्यायला हरकत नाही, कारण कांदा-लसूण मसाल्याचं तेल आणि हळद त्यावर ओळखू येत नाही. पांढरं झाकण महिन्याभरात पिवळं पडतं, विशेषतः गरम भाजी भरून लगेच बंद केली तर. भाजी कोमट झाल्यावर झाकण लावा.

डाग पडलाच तर

चिखल ओला असताना चोळू नका. तांबड्या मातीचे बारीक कण विणीत शिरतात. पूर्ण वाळू द्या, कोरड्या ब्रशने झटका आणि मगच साबण लावा. तरी तांबूस छटा उरली तर लिंबाचा रस अर्धा तास लावून धुवा, आधी आतल्या शिवणीवर करून बघा. ब्लीच वापरू नका. त्याने लोहाचा डाग जात नाही आणि फ्लोरोसंट रंग मात्र जातो.

मसाल्याच्या तेलाचा लाल डाग असेल तर आधी त्यावर थोडं गोडेतेल चोळा, म्हणजे रंग सुटतो, मग भांड्याचा साबण लावा. हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो, घाबरू नका. भरपूर पाण्याने धुतलं की तो पुन्हा पिवळा होतो आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवलं की फिका पडतो. जुलैत ऊन मिळत नसेल तर पिवळेपणा तसाच राहू द्या, तो ऑक्टोबरच्या उन्हात काढता येतो. रेनकोट मात्र उन्हात वाळत घालू नका. सावलीत, उलटा करून टांगा, आणि पट्ट्यांवर चिखलाचा थर बसला असेल तर दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसून पुन्हा टॉर्चने बघा.