मुदत ठेवीची पावती वाचताना या चुका टाळा

मुदत ठेवीच्या पावतीवर ठेवीदाराची नजर सहसा एकाच आकड्यावर जाते, तो म्हणजे मुदतपूर्तीची रक्कम. समजा, दोन लाख रुपये तीन वर्षांसाठी, वार्षिक ७ टक्के दराने, व्याज ठेवीतच साठत जाईल अशा प्रकारे ठेवले आहेत आणि पावतीवर २,४६,२८८ रुपये छापलेले आहेत. हा आकडा बरोबर आहे. मात्र ठेव शेवटच्या दिवसापर्यंत तशीच राहिली आणि मधल्या काळात व्याजावर कर कापला गेला नाही, तरच तो हातात पडतो.

हा आकडा आला कसा, हे आधी पाहावे. ७ टक्क्यांनी तीन वर्षांचे सरळव्याज ४२,००० रुपये होते, तर पावतीवरचे व्याज ४६,२८८ रुपये आहे. आपल्याकडे बँका अशा ठेवींवर बहुधा तिमाही चक्रवाढ धरतात, म्हणजे दर तीन महिन्यांनी १.७५ टक्के व्याज मुद्दलात मिळवले जाते आणि बारा तिमाहींनंतर ही रक्कम होते. पावतीवरचा आकडा सरळव्याजाशी जुळत असेल, तर ठेव चक्रवाढीची नसून व्याज दर महिन्याला किंवा तिमाहीला खात्यात जमा होणारी तर नाही ना, हे तपासावे. अर्ज भरताना चुकीच्या चौकोनात खूण झाल्यामुळे असे घडू शकते आणि ते पहिल्या आठवड्यातच लक्षात आलेले बरे. काही जाहिरातींत याच ठेवीचा ‘वार्षिक परतावा’ ७.७१ टक्के दाखवतात. तो तीन वर्षांच्या एकूण व्याजाला तीनने भागून काढलेला असतो. व्याजदर ७ टक्केच असतो.

सर्वांत महाग पडणारी चूक ठेव मोडताना होते. दंड १ टक्का असे वाचून बहुतेक जण ७ मधून १ वजा करतात आणि ६ टक्के मिळतील असे धरून चालतात. प्रत्यक्षात बँक सर्वसाधारणपणे आधी ठेव किती काळ राहिली ते पाहते, ती ठेवली त्या दिवशी तेवढ्या काळासाठी जो दर होता तो घेते, आणि दंड त्यातून वजा करते. आपल्या उदाहरणात ठेव बरोबर एका वर्षाने मोडली आणि ठेवीच्या दिवशी एक वर्षाचा दर ६.५ टक्के होता असे धरू, म्हणजे दंड वजा जाता ५.५ टक्के उरतात. ठेवीदाराच्या हिशेबाने २,१२,२७३ रुपये मिळायला हवेत, पण मिळतात २,११,२२९. पावतीवर एक वर्षाचा हा दर छापलेला नसतो. म्हणून ठेव ठेवली त्या दिवसाचे दरपत्रक पावतीसोबत जपून ठेवावे.

ज्यांचे व्याज दर तिमाहीला खात्यात येते, त्यांना आणखी एक धक्का बसतो. अशाच दोन लाखांवर वर्षभरात १४,००० रुपये व्याज मिळालेले असते, पण ५.५ टक्क्यांनी देय होते ११,०००. जास्त गेलेले ३,००० रुपये बँक मुद्दलातून वळते करते आणि हातात १,९७,००० रुपये येतात. मुद्दल कमी झाले म्हणून शाखेत वाद घालण्याआधी वर्षभरात जमा झालेल्या व्याजाच्या नोंदी पाहाव्यात.

करबचतीच्या ठेवीला मात्र हा हिशेब लागू नाही, कारण ती पाच वर्षे मोडताच येत नाही.

उद्गम करकपातीमुळेही हातात येणारी रक्कम कमी होते. ठेवीत साठणाऱ्या व्याजावरही, ते हातात आलेले नसताना, कर कापला जाऊ शकतो. कापलेली रक्कम पुढे चक्रवाढीत राहत नाही, त्यामुळे शेवटची रक्कम छापील आकड्यापेक्षा कमी येते.

उरला प्रश्न मुदतपूर्तीच्या सूचनेचा, जी पावतीच्या तळाशी एका ओळीत असते. मुद्दल व व्याज मिळून नूतनीकरण, फक्त मुद्दलाचे नूतनीकरण, की रक्कम खात्यात जमा, यांपैकी काय नोंदले आहे ते पाहावे. नूतनीकरण बहुधा त्याच मुदतीसाठी, पण त्या दिवशीच्या दराने होते. कपाटातली जुनी पावती तशीच राहते, तिच्यावर जुना दर आणि जुनी तारीख दिसत राहते, आणि पुढच्या महिन्यात पैसे काढायला गेल्यावर नवी तीन वर्षांची ठेव मोडावी लागते.

सूचनाच नसेल आणि पैसेही उचलले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशानुसार मुदतीनंतरच्या काळासाठी बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांपैकी जो कमी असेल तो मिळतो. तेव्हा मुदतपूर्तीच्या तारखेआधी पंधरा दिवस शाखेत किंवा बँकेच्या ॲपमध्ये ही सूचना एकदा उघडून पाहावी, आणि नूतनीकरण झाले असेल तर नवी पावती मागून घेऊन जुनीवर ‘रद्द’ असे लिहून ठेवावे.