‘स’ टोचू नये आणि बोबडाही होऊ नये: डी-एसर कसा लावावा

ध्वनिमुद्रित निवेदन ऐकताना प्रत्येक ‘स’ कानाला सुईसारखा टोचू लागला की डी-एसर नावाचे, ‘स’ आला की तेवढ्यापुरता आवाज आपोआप दाबणारे साधन वापरले जाते. ते लावणे सोपे आहे. मात्र ते जास्त लागले की दुसराच दोष निर्माण होतो: बोलणारी व्यक्ती बोबडी वाटू लागते आणि ‘सहसा’ हा शब्द जीभ दातांमध्ये अडकल्यासारखा ऐकू येतो. माझ्या मते हा दुसरा दोष पहिल्यापेक्षा वाईट आहे, कारण टोचणारा ‘स’ ऐकून श्रोता ध्वनिमुद्रणाला नावे ठेवतो, तर बोबडा ‘स’ ऐकून बोलणाऱ्याला.

हा बोबडेपणा का येतो, हे आधी समजून घेतल्यास पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप उलगडतात. ‘स’ उच्चारताना स्वरतंतू कंप पावत नाहीत. जिभेच्या टोकाजवळच्या अरुंद फटीतून सुटलेली हवा दातांवर आदळते आणि तिचा फुत्कार तयार होतो. या फुत्काराची शक्ती मुख्यतः वरच्या पट्टीत, साधारण 5 ते 9 किलोहर्ट्झच्या दरम्यान एकवटलेली असते. पुरुषांच्या आवाजात ती बहुधा या पट्टीच्या खालच्या भागात आणि स्त्रियांच्या आवाजात वरच्या भागात सापडते. याउलट ‘फ’चा ओठ-दातांतून निघणारा घर्षक उच्चार किंवा इंग्रजी ‘थिंक’मधला पहिला ध्वनी हे मंद असतात आणि त्यांची शक्ती कोठेही न एकवटता पसरलेली असते. ‘स’चे शिखर छाटून टाकले की उरलेला फुत्कार नेमका असाच मंद आणि पसरट होतो, आणि कान त्याला ‘स’ म्हणून ओळखेनासा होतो. म्हणून ‘स’ची उंची थोडी कमी करायची, पण त्याचा आकार मोडू द्यायचा नाही.

पहिली पायरी: दोष कोठून येतो ते पाहणे

डी-एसरकडे वळण्यापूर्वी आवाज ज्या साधनांतून आधी जातो ती साखळी तपासावी. आवाजाची चढ-उतार कमी करणारा कॉम्प्रेसर मुख्यतः स्वरांच्या जोरावर चालतो. तो ‘आ’, ‘ओ’ यांसारखे मोठे ध्वनी दाबतो, तुलनेने लहान असलेला ‘स’ सोडून देतो, आणि नंतर एकूण पातळी वाढवली की तोच ‘स’ वर येतो. त्यात वेगवेगळ्या वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरने ‘स्पष्टपणा’साठी 8 किलोहर्ट्झच्या वरचा भाग उचललेला असेल, तर टोचणारा ‘स’ आपणच तयार केलेला असतो. तो उठाव आधी कमी करावा. पुन्हा ध्वनिमुद्रण करणे शक्य असेल, तर मायक्रोफोन तोंडापासून सुमारे 15 ते 20 सेंटिमीटर लांब ठेवून थोडा बाजूला वळवावा, म्हणजे फुत्काराचा झोत त्यावर सरळ आदळणार नाही. एवढ्यानेही पुष्कळ काम होते.

डी-एसर साखळीत कॉम्प्रेसर आणि इक्वलायझर यांच्या नंतर ठेवावा. त्याचा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या मर्यादेपुढे तो दाबू लागतो ती, बहुधा ठरावीक पातळीवर बेतलेला असतो, त्यामुळे आवाजाची चढ-उतार आधीच सावरलेली असली तरच तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा वागतो.

दुसरी पायरी: याच आवाजाचा ‘स’ शोधणे

तयार प्रीसेटवर विसंबू नये. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या वारंवारतेत किती शक्ती आहे याचे चित्र, दाखवणारे कोणतेही संपादन-सॉफ्टवेअर उघडून ‘स’ वारंवार येणारे एखादे वाक्य पाहावे. स्वरांच्या जागी खालपासून वर चढत गेलेल्या आडव्या रेषा दिसतात. ‘स’च्या जागी खाली जवळजवळ काळोख आणि वर एक उजळ डाग दिसतो. तो डाग कोठे सर्वांत उजळ आहे, ती वारंवारता टिपून ठेवावी. ‘श’चा डाग खूपच खालून, साधारण 3 किलोहर्ट्झच्या आसपास सुरू होतो, आणि हा फरक पुढे उपयोगी पडतो.

नंतर डी-एसरमधील ‘लिसन’ कळ दाबावी, म्हणजे ते साधन जे ऐकून निर्णय घेते तेवढाच भाग ऐकू येईल. टिपलेल्या वारंवारतेभोवती पट्टी सरकवत राहावी आणि जेथे ‘स’ ठळक उठतो व स्वर अगदी बारीक होतात तेथे थांबावे. पट्टी फार खाली, समजा 3 किलोहर्ट्झपर्यंत, आणली तर डी-एसर ‘ई’ आणि ‘ए’ या स्वरांच्या वरच्या भागांनाही ‘स’ समजू लागतो.

तिसरी पायरी: किती दाबायचे

बहुतेकांची चूक येथे होते. थ्रेशोल्ड आणि रेंज या दोन कळांची कामे वेगळी आहेत: थ्रेशोल्ड ‘कधी’ ते ठरवतो आणि रेंज ‘जास्तीत जास्त किती’ ते ठरवते. त्या एकाच वेळी फिरवल्या तर कोणती कळ काय बिघडवत आहे ते कळत नाही. म्हणून आधी रेंज मुद्दाम मोठी, 12 डेसिबलच्या आसपास ठेवावी, जेणेकरून डी-एसरची प्रत्येक हालचाल उघड ऐकू येईल. मग थ्रेशोल्ड वरून हळूहळू खाली आणावा. किती दाबले जात आहे ते दाखवणारा मीटर टोचणाऱ्या ‘स’वर हलला पाहिजे, पण साध्या ‘स’वर जेमतेम आणि स्वरांवर अजिबात नाही. ती जागा सापडली की थ्रेशोल्डला हात लावू नये आणि रेंज 4 ते 5 डेसिबलवर आणावी. बोलण्याच्या आवाजासाठी एवढे बहुधा पुरते; 8 डेसिबलची गरज भासू लागली, तर पहिल्या पायरीत काही राहून गेले आहे असे समजावे.

चौथी पायरी: कोणता भाग दाबायचा

डी-एसरचे दोन प्रकार असतात. एक फक्त वरची पट्टी दाबतो, तर दुसरा ‘स’ ओळखल्याबरोबर संपूर्ण आवाजाची पातळी क्षणभर खाली आणतो. फक्त वरचे दाबणे अधिक सौम्य असावे असे वाटते, आणि संगीतासह मिसळलेल्या आवाजासाठी ते खरेही आहे. एकट्या आवाजात मात्र अनेकदा उलटे घडते. ‘स’ चालू असताना खाली स्वराचा आवाज नसतोच, त्यामुळे संपूर्ण पातळी कमी केल्याने दुसऱ्या कशालाही इजा होत नाही आणि ‘स’ आकार न मोडता नुसता लहान होतो. केवळ वरची पट्टी दाबली, तर ‘स’चा खालचा भाग तसाच राहून शिखर खचते, आणि बोबडेपणाचा उगम तेथेच असतो.

याला मराठीत एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. ‘माझा’, ‘जरा’, ‘वाजला’ यांतील ‘झ’ आणि ‘ज’ हे दंततालव्य असून घोष आहेत. त्यांच्यात फुत्काराबरोबर स्वरतंतूंचा आवाजही असतो. संपूर्ण पातळी दाबणारा डी-एसर या शब्दांत गळा आवळल्यासारखा खड्डा पाडू शकतो. तसे ऐकू आले तर थ्रेशोल्ड किंचित वर न्यावा, किंवा तेवढ्या शब्दांपुरता डी-एसर बंद करावा.

संपूर्ण पातळी दाबताना वेळेची जुळणी काटेकोर हवी. अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, 1 मिलिसेकंदाच्या आसपास ठेवावा. तो फार मंद असेल तर ‘स’चे पहिले टोक निसटते आणि ‘त्स’ असे ऐकू येते. रिलीज, म्हणजे दाब सुटायला लागणारा वेळ, 30 ते 60 मिलिसेकंद ठेवावा. तो लांबला तर ‘सांगतो’मधील ‘स’ संपल्यावरही आवाज दबलेलाच राहतो आणि ‘आ’ची सुरुवात गिळल्यासारखी वाटते.

एक प्रत्यक्ष उदाहरण

एका निवेदिकेचे सुमारे बारा मिनिटांचे वाचन माझ्याकडे दुरुस्तीला होते. मायक्रोफोन तोंडासमोर अगदी जवळ होता, कॉम्प्रेसर मोठ्या स्वरांवर 6 डेसिबल दाबत होता आणि 8 किलोहर्ट्झच्या वर 3 डेसिबलचा उठाव दिलेला होता. मी आधी 5 किलोहर्ट्झच्या वरची पट्टी 12 डेसिबलपर्यंत दाबू दिली. टोचणे गेले, पण ‘सहसा सगळेच सांगतात’ हे वाक्य दात नसलेल्या तोंडातून आल्यासारखे झाले, आणि ‘शेवटी’मधला ‘श’ विनाकारण दबला.

मग सगळे काढून पुन्हा सुरुवात केली. इक्वलायझरचा उठाव 3 वरून 1 डेसिबलवर आणला. स्पेक्ट्रोग्राममध्ये ‘स’ 7.5 किलोहर्ट्झपाशी सर्वांत उजळ दिसला, तेव्हा ओळखण्याची पट्टी 6 ते 10 किलोहर्ट्झ ठेवली; ‘श’चा बराचसा भाग त्याखाली असल्याने तो आपसूकच वाचला. प्रकार संपूर्ण पातळीचा, रेंज 5 डेसिबल, रिलीज 40 मिलिसेकंद. बहुतेक ‘स’ जागेवर बसले. तीन शब्द तरीही खुपत होते. त्यांच्यासाठी रेंज वाढवली असती, तर उरलेल्या शेकडो ‘स’ना विनाकारण शिक्षा झाली असती. म्हणून लहरआकृतीत तेवढेच तीन ‘स’ निवडून त्यांची पातळी हाताने आणखी 4 डेसिबल कमी केली आणि पातळी एकदम न बदलता हळूहळू बदलावी म्हणून दोन्ही टोकांना सुमारे 5 मिलिसेकंदांचा फेड दिला. या हाताच्या कामाला पाचेक मिनिटे लागली, आणि ते कोणत्याही कळीपेक्षा नितळ झाले.

तपासणी

आपला कान फसतो. दहा मिनिटे ‘स’च ऐकत बसल्यावर मूळ ध्वनीही जास्त तीक्ष्ण वाटू लागतो आणि हात आपोआप रेंज वाढवतो. त्यामुळे सगळ्या कळा बसवून झाल्यावर उठून जावे, निदान अर्ध्या तासाने परतावे आणि निवेदन सुरुवातीपासून, पडद्याकडे न पाहता ऐकावे. डी-एसर चालू-बंद करून तुलना करताना ‘बंद’ असताना ‘स’ टोचला पाहिजे आणि ‘चालू’ असताना तो आहे हे लक्षातही येता कामा नये. ‘चालू’ असताना ‘स’ कोठे गेला असा प्रश्न पडला, तर रेंज 1 ते 2 डेसिबलने कमी करावी.

फक्त काढून टाकलेला भाग ऐकण्याची सोय असेल, तर ती जरूर वापरावी. त्यात सुटे, तुटक फुत्कार ऐकू आले पाहिजेत. त्यातून शब्द समजू लागले, तर डी-एसर स्वरही खात आहे.

बोबडेपणाची खरी परीक्षा मात्र मजकूर ठाऊक नसलेल्या माणसाकडूनच होते, कारण आपल्याला शब्द माहीत असल्याने मन हरवलेला ‘स’ स्वतःच भरून काढते. ज्यांचा अर्थ संदर्भावरून ओळखता येत नाही असे काही शब्द, उदाहरणार्थ आडनावे किंवा गावांची नावे, निवेदनातून कापून त्याला ऐकवावेत आणि लिहून घ्यायला सांगावे. ‘स’च्या जागी ‘फ’ किंवा ‘थ’ लिहिला गेला, तर कागदावर पुरावा मिळतो.

दोन बाबतींत हे सगळे व्यर्थ ठरते. दातांच्या फटीमुळे येणारी बारीक शिट्टी एकाच वारंवारतेवर अरुंद टोकासारखी उभी असते. तिच्यासाठी डायनॅमिक इक्वलायझरची, म्हणजे आवाज वाढेल तेव्हाच दाबणाऱ्या इक्वलायझरची, अरुंद पट्टी लागते, डी-एसरची रुंद पट्टी नाही. आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळीच पातळी कमाल मर्यादेबाहेर जाऊन ‘स’ फाटला असेल, तर डी-एसर त्या फाटलेल्या आवाजाला फक्त हळू करतो. तेवढे वाक्य पुन्हा बोलून घ्यावे लागते.