मेंटेनन्स कॅलरी काढताना या चुका टाळा

वजन ना वाढतं ना घटतं, इतकं खाणं म्हणजे मेंटेनन्स. हा आकडा काढायचं सूत्र कुठल्याही कॅल्क्युलेटरमध्ये सापडतं, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. कॅल्क्युलेटर २६९७ म्हणाला की पुढची सहा महिने २६९७ ही दगडावरची रेघ. मग वजन हललं नाही की दोष मेटाबॉलिझमला. त्या बिचाऱ्याचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो.

आजकाल सगळ्यात जास्त वापरलं जातं ते १९९० साली प्रसिद्ध झालेलं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र. वजन किलोत घेऊन १० ने गुणा, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ६.२५ ने गुणा, दोन्हींची बेरीज करा आणि त्यातून वयाची पाचपट वजा करा. पुरुष असाल तर शेवटी ५ मिळवा, बाई असाल तर १६१ वजा करा. येतो तो आकडा नुसतं पडून राहण्याचा खर्च. त्याला हालचालीच्या गुणकाने गुणलं की दिवसाचा अंदाज मिळतो. बैठं आयुष्य असेल तर १.२, थोडी हालचाल असेल तर १.३७५, मध्यम १.५५, भरपूर १.७२५.

एक नमुना घेऊन चालू. पुरुष, वय ३८, वजन ८५ किलो, उंची १७२ सेंटिमीटर. ८५० अधिक १०७५, वजा १९०, अधिक ५, म्हणजे १७४०. दिवसभर खुर्चीत बसून काम, आठवड्यातून चार दिवस तासभर जिम.

गुणक निवडताना स्वतःला शाबासकी देणं

हा गृहस्थ १.५५ निवडणार, कारण तक्त्यात ‘मध्यम’समोर ‘आठवड्यातून तीन ते पाच दिवस व्यायाम’ असं लिहिलेलं असतं. तक्ता खोटा नाही, पण तो दिवसाच्या उरलेल्या तासांबद्दल काही विचारत नाही. जिमचा एक तास सोडला तर हा माणूस गाडीतून ऑफिसात, ऑफिसातून गाडीत आणि तिथून सोफ्यावर. त्याच जिममधला दुसरा कुणी दिवसभर दुकानात उभा असतो किंवा वर्गावर शिकवतो. दोघांचा व्यायाम सारखा, पण खर्चात काहीशे कॅलरींचा फरक. १७४० ला १.५५ ने गुणलं तर २६९७ येतात आणि १.३७५ ने गुणलं तर २३९३. मधल्या तीनशेच्या फरकात वजन कमी करायची अख्खी योजना बुडू शकते.

सवय सोपी ठेवा: दोन गुणकांमध्ये अडकलात तर खालचा घ्या. भारतीयांच्या बाबतीत पाश्चात्त्य सूत्रांचा आकडा थोडा चढा येतो, असंही वेळोवेळी दिसलं आहे. ते धरलं तर खालचा गुणक अधिकच योग्य. आणि सूत्र चोख वापरलं तरी माणसागणिक दहा टक्के इकडेतिकडे होणं अगदी साहजिक आहे, त्यामुळे शेवटच्या ‘७’ किंवा ‘३’ ला काही अर्थ नाही. २४०० धरा आणि कामाला लागा.

याच चुकीची जुळी बहीण म्हणजे घड्याळातल्या कॅलरी वर मिळवणं. गुणकात व्यायाम आधीच धरलेला आहे. घड्याळ म्हणालं ‘आज ४५० जाळल्या’, म्हणून संध्याकाळी तेवढं जास्त खाल्लं, तर तोच व्यायाम दोनदा मोजला गेला. शिवाय त्या ४५० मध्ये तो तास नुसतं बसून काढला असता तरी खर्च झालाच असता, तो भागही असतो.

पाच दिवसांत निकाल लावणं

सूत्राचा आकडा ही फक्त सुरुवात. खरा आकडा खाण्याच्या नोंदी आणि रोजचं वजन यांतून येतो, पण त्याला आठवडे लागतात. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी रोज वजन करा आणि फक्त सात दिवसांची सरासरी बघा. एकेका दिवसाच्या आकड्याकडे बघून रडू नका, नाचूही नका. रात्री लोणचं-पापड झाला की सकाळी किलोभर वजन वाढलेलं दिसू शकतं. ते मीठ आणि पाणी.

आता इतके आठवडे का थांबायचं, ते बघा. किलोभर चरबीमागे साधारण ७७०० कॅलरी धरतात. साप्ताहिक सरासरीतही पाण्यामुळे ०.२ किलोची गडबड राहू शकते, म्हणजे १५४० कॅलरी. सात दिवसांत वाटल्या तर रोजची चूक २२०, एकवीस दिवसांत वाटल्या तर ७३. आठवड्यात उत्तर मागणाऱ्याला कॅलरी नव्हे, पाणी मोजून मिळतं.

आहार बदलल्यावरचा पहिला आठवडा तर हिशेबात धरूच नका. भात-पोळी कमी झाली की शरीरात ग्लायकोजेन म्हणून साठवलेली साखर उतरते आणि तिच्या तिप्पट पाणी घेऊन जाते. पहिल्या आठवड्यात दीड किलो गेल्याचे फोटो टाकणाऱ्यांचा उत्साह म्हणूनच तिसऱ्या आठवड्यात मावळतो. पाळी येणाऱ्या बायकांनी पूर्ण चक्राची वाट पाहावी आणि पाळीआधीच्या आठवड्याची तुलना मागच्या पाळीआधीच्या आठवड्याशीच करावी. त्याला शॉर्टकट नाही.

कोरी पानं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती करणाऱ्याला आपण काही चुकलो असं वाटतही नाही.

आपल्या नमुन्यातल्या माणसाची वही उघडू. पहिला आठवडा सोडून दिला, हे ठीक. पुढच्या चार आठवड्यांच्या वजनाच्या सरासरी: ८३.७, ८३.६, ८३.४, ८३.४. नोंदींची सरासरी २१५० कॅलरी. त्याने गणित केलं: ०.३ किलो घट, म्हणजे २३१० कॅलरी. भागिले २१ दिवस, म्हणजे रोज ११०. (चार आठवडे असले तरी पहिल्या सरासरीपासून चौथ्या सरासरीपर्यंतचं अंतर २१ दिवसांचं असतं. २८ ने भागू नका.) २१५० अधिक ११०, मेंटेनन्स २२६०. म्हणजे खालच्या गुणकापेक्षाही कमी! त्याने निदान केलं, ‘माझं मेटाबॉलिझम स्लो आहे’, आणि खाणं थेट १७५० वर आणलं. आठवड्याभरात चिडचिड, रात्री अकरा वाजता फरसाणाच्या डब्यात हात.

गणित बरोबर आहे. नोंद चुकीची आहे. वहीत शनिवार-रविवार कोरे आहेत. ‘बाहेर खाल्लं, कसं मोजणार?’ म्हणून सोडून दिलेले. ॲपने रिकामे दिवस वगळून सरासरी काढली, म्हणजे पाच शिस्तीच्या दिवसांची सरासरी सात दिवसांच्या माथी मारली. वजन मात्र सातही दिवसांचं मोजलं जातं. काट्याला सुट्टी नसते.

त्या दोन दिवसांची फोनमधली ऑर्डर, मिसळ, दुपारचं आमरस-पुरी, संध्याकाळचं पिणं आणि चकणा, असं आठवून मोजलं तर रोजचे सुमारे २९०० निघतात. पाच दिवस २१५० आणि दोन दिवस २९०० यांची सरासरी २३६४. त्यात ११० मिळवले की मेंटेनन्स २४७४. म्हणजे साधारण १.४२ चा गुणक. मेटाबॉलिझम ठणठणीत आहे. सोमवार ते शुक्रवारला हातही न लावता फक्त सुट्टीचे दिवस २४०० वर आणले असते, तर सरासरी २२२१ आली असती, रोजची तूट अडीचशेची, आणि आठवड्याला पाव किलोच्या आसपास वजन उतरलं असतं. उपाशी न राहता.

म्हणून लग्नातल्या पंगतीची नोंदसुद्धा करा, अंदाजे का होईना. ‘बहुतेक १२००’ असं लिहिलेलं कोऱ्या पानापेक्षा कैक पटींनी बरं. एकादशीचंही तेच. साबुदाण्याची खिचडी, त्यात दाण्याचा कूट, वर तळलेला पापड, आणि नोंद ‘उपवास’ म्हणून शून्य!

कच्चं की शिजलेलं

शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी, शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात १३०. ताटातला १५० ग्रॅम भात यादीतल्या ‘तांदूळ’ नावाखाली टाकला की १९५ चे ५२५ होतात. डाळींनाही हाच नियम. घरात कच्चं वजन करून शिजवायची सवय लावा आणि मग सगळं कच्च्यातच लिहा.

तेल

फोडणीतलं तेल कुणी मोजत नाही, आणि ‘आमच्याकडे तेल कमीच असतं’ हे प्रत्येक घरातलं वाक्य. चमचा-चमचा मोजत बसू नका. महिन्याला किती लिटर संपतं ते बघा. चौघांच्या घरात तीन लिटर लागत असेल तर एका लिटरमागे साधारण ८२०० कॅलरी धरून माणशी रोज दोनशे होतात. तेवढे रोजच्या नोंदीत सरळ मिळवा. तळणाचं उरलेलं तेल टाकून देत असाल तर थोडे कमी करा. तूप आणि दाण्याचा कूट मात्र वेगळा लिहा.

तरीही तेल धरायचं राहून गेलं, तर एक दिलासा आहे. चूक रोज सारखीच होत असेल तर हिशेबातून येणारा मेंटेनन्सही तेवढाच कमी येतो, आणि त्या वहीपुरता तो चालतो. खरे २४७० असतील, वही २२७० म्हणेल, आणि वहीप्रमाणे २०२० खाल्लं तर तूट तीच. गडबड होते ती मध्येच शहाणपण सुचून तेल लिहायला सुरुवात केली की, किंवा घर सोडून मेसवर जेवायला लागलं की. मोजण्याची पद्धत बदलली तर जुना आकडा टाकून द्या आणि नव्याने तीन-चार आठवडे काढा.

बाकी किरकोळ

वजनकाटा गादीवर, गालिच्यावर ठेवू नका. फरशीवर, रोज त्याच जागी.

दुरुस्ती एका झटक्यात करू नका. आकडा ३०० ने चुकला असं दिसलं तरी आधी १५० हलवा, तीन आठवडे बघा, मग उरलेलं.

वजन चार-पाच किलोने बदललं, नोकरी बदलली किंवा बसचा प्रवास सुटून गाडी आली, तर जुना मेंटेनन्स शिळा झाला. पुन्हा मोजा.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि थायरॉइडचं औषध नुकतंच सुरू झालेल्यांनी हा हिशेब स्वतःच्या जोरावर लावू नये. त्यांचं वजन खाण्याखेरीज इतर कारणांनीही हलतं, आणि वरची वजाबाकी ते कारण ओळखू शकत नाही. वही मात्र जरूर भरावी आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावी.