दहा ते एक : किनाऱ्यावरच्या होमस्टेमधली खोली पुढच्या पाहुण्यांसाठी लावताना

मालवण तालुक्यात देवबाग-तारकर्लीच्या पट्ट्यात घरातल्याच दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देणारी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि आमचे घर त्यांपैकीच एक आहे. हा व्यवसाय नव्याने सुरू करणारे बहुतेक जण जेवण आणि भाडे यांविषयी विचारतात. पहिल्या हंगामात त्यांची खरी दमछाक होते ती मात्र सकाळी दहा ते दुपारी एक या वेळेत. दहाला एक कुटुंब खोली सोडते, एकला दुसरे येते आणि मधल्या तीन तासांत खोली अशी करायची असते की आधी कोणी राहून गेल्याची खूण दिसू नये. या कामाची यादी सगळेच करतात. आमच्या अनुभवात यादीतल्या कामांचा क्रम अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण इथल्या दमट हवेत वाळायला लागणारा वेळ कोणालाही कमी करता येत नाही. त्यामुळे आधी पाहणी, मग कापड काढणे, मग विजेची उपकरणे चालू करून ठेवणे, मग ओले काम, मग कोरडे काम आणि सर्वांत शेवटी पलंग, असा क्रम आम्ही पाळतो.

पाहणी पाहुणे घरात असतानाच व्हायला हवी. पाहुणे गाडीत बसून निघून गेल्यावर फुटलेला आरसा सापडला, तर फोनवरच्या बोलण्यातून कटुतेखेरीज काही हाती लागत नाही. बिल होत असताना घरातले एक जण खोलीकडे जाते आणि म्हणते, “ताई, चार्जर, औषधं, मुलांचे कपडे काही राहिलं नाही ना, एकदा सोबतच बघून घेऊ या.” हे नुसते निमित्त नसते, कारण उशीखाली चष्मा आणि दोरीवर पोहण्याचे कपडे खरोखरच राहतात. त्याच फेरीत आपली नजर ठरलेल्या जागांवरून फिरते : खिडकीची डासांची जाळी, दाराची कडी, कमोडच्या टाकीचे बटण, हँडशॉवरची नळी, एसी आणि टीव्हीचे रिमोट, टॉवेलांची संख्या आणि पलंगाशेजारची फरशी. फरशी एवढ्यासाठी पाहायची की डासांची अगरबत्ती थाळीशिवाय पेटवली, तर तपकिरी गोल डाग पडतो. प्रत्येक खोलीची आठ-दहा छायाचित्रे ठरलेल्या कोनांतून काढून फोनमध्ये ठेवावीत आणि मोठी दुरुस्ती झाली की ती नव्याने काढावीत. शंका आली की जुने छायाचित्र उघडून पाहता येते आणि वाद होत नाही.

अनामत रकमेतून काय कापायचे, हे आधीच ठरलेले असावे आणि खोली देतानाच पाहुण्यांना सांगितलेले असावे. धुऊन, घासून किंवा उन्हात टाकून निघते त्याचे पैसे घेऊ नयेत आणि जे बदलावेच लागते त्याचे घ्यावेत, तेही त्या वस्तूचे वय पाहून, असे माझे मत आहे. तीन वर्षे वापरलेल्या किटलीची नवी किंमत मागणे योग्य नाही. सैल झालेली कडी, झिजलेले पायपुसणे ही आपल्या वापरातली झीज असते आणि तिचा भार पाहुण्यांवर टाकता येत नाही.

पाहणी संपताच कापड काढायचे. चादरी ओढून एकदम गोळा करू नयेत. एकेक उचलून उजेडात दोन्ही बाजूंनी पाहावी, कारण डाग ओला असतानाच त्याचा प्रकार कळतो आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. आमच्याकडे सर्वांत जास्त येतो तो कालवणाचा डाग. त्यातल्या तेलाला हळद धरून बसलेली असते, म्हणून आधी भांड्यांच्या साबणाने तेल काढावे लागते. साबण लागताच हळद लाल होते, त्याला नवखी माणसे घाबरतात. पण साबणातल्या क्षाराने हळदीचा रंग तसा पालटतोच. मग चादर ओलीच उन्हात टाकावी, उरलेला पिवळेपणा ऊन खाऊन टाकते. रक्ताच्या डागाला गरम पाणी लावायचे नाही, थंड पाण्यात भिजवायचे.

स्नॉर्केलिंगला जाणाऱ्या पाहुण्यांमुळे आणखी एक डाग वाढला आहे, तो सनस्क्रीनचा. काही सनस्क्रीनमधल्या घटकाची पाण्यातल्या लोहाशी गाठ पडली की पांढऱ्या टॉवेलावर गंजासारखे नारिंगी पट्टे उमटतात. पांढरे आहे म्हणून त्यावर ब्लीच ओतले, तर ते अधिकच गडद होतात. इथे आधी साबणाने तेलकटपणा काढून मग लिंबाचा रस लावून ठेवणे उपयोगी पडते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे किनाऱ्यावर नेण्यासाठी गडद रंगाचे वेगळे टॉवेल द्यावेत. आम्ही सोलापुरी टॉवेल त्यासाठी ठेवले आहेत, त्यामुळे वाळू आणि सनस्क्रीन दोन्ही पांढऱ्या टॉवेलांपासून दूर राहतात. टॉवेल मऊ राहावेत म्हणून कंडिशनर घालण्याचा मोह टाळावा, त्याने ते पाणी टिपेनासे होतात.

चादर निघाली की गादी उघडी पडते आणि ढेकणांसाठी पाहण्याची हीच वेळ असते. गादीच्या कडेची शिवण बोटांनी उलगडून आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे बॅटरी मारून पाहावे. शाईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले आणि ओल्या कापडाने ते पसरले, तर ती ढेकणांची विष्ठा समजावी. अशी खोली त्या दिवशी कोणालाही देऊ नये. तिथले कापड पिशवीत बांधूनच बाहेर काढावे आणि किमान 60 अंश तापमानाच्या पाण्यात धुवावे. पाहुण्यांना दुसरीकडे सोय करून देण्यात जाणारे पैसे, ढेकूण दुसऱ्या खोलीत गेल्यावर जाणाऱ्या पैशांपेक्षा कमीच असतात.

एका पलंगामागे तीन जोड लागतात : एक अंथरलेला, एक दोरीवर आणि एक कपाटात. पावसाळ्यात चौथा असावा, कारण जुलैत जाड टॉवेल दोन दिवसांतही वाळत नाही. दोरी समुद्राकडच्या अंगाला बांधू नये. वाऱ्याबरोबर येणारे मीठ कापडात बसते, मीठ हवेतली ओल ओढते आणि दुपारी कडकडीत वाळलेली चादर रात्री अंगाला गार लागते. पाहुणे त्याला “ओली चादर दिली” म्हणतात आणि त्यांचे चूक नसते. म्हणून दोरी घरामागे, माडांच्या सावलीबाहेर हवी. चादर वाळली की नाही, हे तळहाताने कळत नाही. घडी घालून गालाला लावली की कळते आणि इस्त्री फिरवताना वाफ निघाली, तर शंका उरत नाही.

कापड बाहेर जाताच, झाडू हातात घेण्याआधी, गिझर आणि एसी चालू करावेत. झाडलोट होईपर्यंत त्यांची परीक्षा आपोआप होते. 15 लिटरच्या, 2 किलोवॅटच्या गिझरला पाणी नीट तापवायला साधारण पंधरा ते वीस मिनिटे लागतात. त्याआधीच दिवा गेला, तर टाकीत आधीचे गरम पाणी आहे का, ते पाहावे. पाणी गार असेल तर थर्मोस्टॅट संशयास्पद. चालू करताच एमसीबी पडत असेल, तर ती पुनःपुन्हा वर करू नये, इलेक्ट्रिशियनला बोलवावे. एसीबाबत घाई नको. बंद करून लगेच चालू केल्यास कॉम्प्रेसर सुमारे तीन मिनिटे थांबूनच सुरू होतो, त्यामुळे मिनिटभराने हात लावून “बिघडला” असा निष्कर्ष काढता येत नाही. दहा मिनिटांनी हवा गार हवी आणि आतल्या यंत्रातून पाणी टपकत नसावे. टपकत असेल तर बहुधा पाणी वाहून नेणारी नळी तुंबलेली असते. हंगामात एसीची जाळी पंधरा दिवसांनी धुवावी. किटलीत नुसते पाणी उकळून वास घ्यावा, कारण तिच्यात चहा, दूध, मॅगी सगळे शिजते. टीव्हीवर आधीच्या पाहुण्यांचे खाते उघडे राहिले असेल, तर ते बंद करावे.

न्हाणीघरातल्या वस्तूंचा भाग लहान आहे. अर्धवट वापरलेला साबण पुढच्यांसाठी ठेवायचा नाही, तो मोरी घासायला जातो. शाम्पूची बाटली भिंतीवरची असेल, तर अर्धीत भर घालत राहू नये. ती पूर्ण संपू द्यावी, धुऊन वाळवून मग भरावी, नाहीतर तळाशी बुळबुळीत थर धरतो. झाकणाचा कचरा डबा, त्यात नवी पिशवी, कागदी पिशव्यांची छोटी गड्डी आणि डासांच्या मशीनची कुपी या चार गोष्टी मात्र कोणाला आठवण येण्याआधीच असाव्यात.

एका रविवारचे उदाहरण देतो. दहाला पाहणीत दिसले की एक टॉवेल कमी आहे, किटलीत चहा उकळला आहे आणि पोहण्याचे ओले कपडे गादीवर रात्रभर राहिले आहेत. टॉवेल पडवीच्या दोरीवर सापडला. अनामत पूर्ण परत दिली. सव्वादहाला चादर काढली, तेव्हा गादीच्या जलरोधक खोळीवर ओल होती आणि खाली गादी कोरडी होती. खोळ उन्हात गेली, गादी भिंतीला उभी केली, पंखा लावला आणि एसी कोरडी हवा देणाऱ्या मोडवर ठेवला. किटलीत लिंबू पिळून पाणी उकळले, तासभर तसेच ठेवले. साडेदहा ते साडेअकरा न्हाणीघर झाले, कारण ते लवकर धुतले तरच एकपर्यंत फरशी कोरडी होते. मग खोली झाडली, तीही दोनदा, कारण पुळणीची बारीक रेती पंखा बंद केल्यावर पुन्हा खाली बसते. पुसण्याचे काम त्यानंतर. सव्वाबाराला गादीच्या त्या जागेवर कोरडा कागद दाबून पाहिला, तो कोरडाच निघाला, तेव्हा कपाटातला जोड अंथरला. गादीच ओली निघाली असती, तर जादा गादी टाकावी लागली असती. तशी एक गादी दोन-तीन खोल्यांच्या घरात असावीच.

खोली लावून झाल्यावर दार-खिडक्या अर्धा तास बंद ठेवाव्यात आणि मग ज्याने काम केलेले नाही अशा घरातल्या माणसाने आत जाऊन वास घ्यावा. काम करणाऱ्याचे नाक तोवर सरावलेले असते. कुबट वास आला, तर सुगंधी फवारा मारू नये. कपाटाच्या मागची भिंत, पडद्याची खालची कड आणि उशा या तीन जागी बुरशी शोधावी. पावसाळ्यात हे इतक्या वेळा करावे लागते की जूनपासून सप्टेंबरपर्यंत आम्ही दोन बुकिंगांमध्ये एक दिवस रिकामाच ठेवतो आणि त्या दिवसाचे भाडे हिशेबात धरत नाही.