डिक्लरेशन्स लिहायला बसण्याआधी

समजा, निपाणीच्या विडी कामगार बायकांच्या जुनाट खोकल्यावरचा शोधनिबंध लिहून झालाय आणि जर्नलला शेवटचा डिक्लरेशन्सचा भाग हवाय. बहुतेक जण निधीपासून सुरुवात करतात. मी म्हणेन, आधी संमतीपत्राची कोरी प्रत काढा, मराठी आणि कन्नड दोन्ही. पुढची दोन निवेदनं तिच्यावरच ठरतात.

तिच्यात ‘तुमची माहिती आमच्या गटाबाहेर कुणालाही देणार नाही’ असं वाक्य आहे का, ते बघा. असेल, तर ‘डेटा विनंती केल्यास मिळेल’ हे सवयीनं टाकलेलं वाक्य खोटं ठरतं. तिथे सरळ लिहा, की संमतीच्या अटींमुळे मूळ नोंदी देता येत नाहीत. प्रश्नावली आणि एकत्रित तक्ते पुरवणीत जोडले आहेत. ओळख पुसून डेटा देण्याची मुभा घेतलेली असेल, तर फाइल रिपॉझिटरीत ठेवून तिचा डीओआय द्या. पण नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली असं होत नाही. लहान गावात ‘वय ७१, विधवा, चाळीस वर्षं विड्या वळते’ एवढं वाचलं तरी बाई कोण ते शेजारी सांगतील. गावाऐवजी तालुका द्या, वय आणि कामाची वर्षं दहा-दहाच्या गटात.

मग नैतिकता समितीचं मंजुरीपत्र. समितीचं पूर्ण नाव, क्रमांक आणि तारीख पत्रावरूनच उतरवा. ही तारीख पहिल्या मुलाखतीच्या आधीची हवी. नंतर मंजुरी मागितली तर समित्या सहसा देत नाहीत. कन्नड संमतीपत्र मागाहून केलं असेल, तर त्या दुरुस्तीचं पत्रही सोबत काढा. काहींनी अंगठा दिला असेल, तर मजकूर वाचून दाखवला होता आणि त्रयस्थ साक्षीदाराची सही आहे, हे नमूद करा.

निधीचं लवकर उरकतं. मंजुरी आदेशावरचं देणाऱ्याचं पूर्ण नाव, आदेश क्रमांक, आणि अभ्यासाच्या आखणीत किंवा लिखाणात त्याचा हात होता का, हे एका वाक्यात. एखाद्या लेखकाची फेलोशिप हाही निधीच, तो हमखास राहून जातो. निधी नसेल तर तसं लिहा, जागा कोरी सोडू नका.

लेखकांच्या वाट्यासाठी क्रेडिट पद्धतीतल्या चौदा भूमिकांची यादी प्रत्येकाला पाठवा आणि ज्यानं त्यानं आपल्या भूमिका स्वतः कळवू द्या. आद्याक्षरं तपासा, बेळगावकडच्या गटात दोन ‘एस. पी.’ निघणं काही नवल नाही, तिथे आडनाव पूर्ण लिहा. नुसता निधी मिळवून दिला म्हणून कुणी लेखक होत नाही, मग ते विभागप्रमुख का असेनात. कन्नड मुलाखतींचं फक्त भाषांतर करून देणाऱ्या ताईंचं नाव आभारात येईल, पण त्यासाठीही त्यांची लेखी परवानगी घेऊन ठेवा.