बढतीच्या अभिनंदनात एक प्रसंग लिहा
सहकाऱ्याला बढती मिळाली की ग्रुपवर ‘हार्दिक अभिनंदन’ची रांग लागते आणि कोणी काय लिहिलं हे कुणालाच आठवत नाही. म्हणून वेगळा मेसेज पाठवा, तीनचार ओळी पुरतात. आधी त्यांचं एखादं काम आठवा, जे तुम्ही स्वतः पाहिलंय. मग त्याने कुणाचं काय सोपं झालं ते लिहा. नवं पद शेवटी.

‘मागच्या ऑडिटच्या वेळी जुनी बिलं जुळत नव्हती, तेव्हा तुम्ही शांतपणे बसून यादी लावलीत. माझा सगळा ताण तिथेच उतरला. व्यवस्थापकपदी तुमची नेमणूक झाली, मनापासून आनंद झाला.’

‘मेहनती’, ‘हुशार’ ही विशेषणं खोडलीत तरी चालतं. मात्र त्याच पदासाठी इच्छुक असलेल्यांशी तुलना नको, आणि त्याच मेसेजात स्वतःचं काम तर मुळीच काढू नका.