पगारवाढीची पत्रं छापायची आहेत? आदल्या संध्याकाळची तयारी

आमच्या मजल्यावर सगळ्यांत मिळून एकच मोठा लेझर प्रिंटर आहे आणि त्याच्या शेजारी पाण्याचा कूलर. त्यामुळे तिथे दिवसभर कोणी ना कोणी उभं असतंच. एका वर्षी पगारवाढीची पत्रं छापायला पाठवून मी जागेवरून उठले, आणि मशीनपाशी पोचेपर्यंत एका सहकाऱ्याने आपलेच कागद समजून वरचा गठ्ठा उचलला होता. त्यात त्याच्या शेजारी बसणाऱ्याचं पत्र होतं. त्याने ते लगेच माझ्या हातात दिलं, पण आकडा वाचून झाला होता आणि तो कुणाला परत घेता येत नाही. वाईट याचं वाटलं, की पिन लावून प्रिंट काढण्याची सोय आमच्या मशीनमध्ये होती आणि सकाळी मी ती वापरलीही होती. दुपारी मात्र ती लागलीच नाही. ती का लागली नाही हे कळल्यापासून मी ही तयारी आदल्या संध्याकाळीच करते. माझा अनुभव एचपीच्या लेझरजेटचा आहे. इतर मशीनवर नावं वेगळी असतात, रिकोवर `Locked Print`, झेरॉक्सवर `Secure Print`, पण काम तेच: कागद छापण्याऐवजी मशीन तो जॉब, म्हणजे छापायला पाठवलेलं काम, धरून ठेवतं आणि तुम्ही समोर उभं राहून पिन टाकलात की मगच सोडतं.

सगळ्यात आधी बघायचं ते हे, की आपल्या कॉम्प्युटरवरून ही सोय दिसते का. प्रिंटच्या खिडकीतून प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलं की `Job Storage` नावाचा टॅब असायला हवा. तो नसेल तर लगेच मशीनला दोष देऊ नका. बऱ्याचदा मशीनमध्ये सोय असते, पण कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे ड्रायव्हरला, ते माहीत नसतं. `Printer properties` मधल्या `Device Settings` मध्ये `Job Storage` चालू करावं लागतं, आणि त्यासाठी आयटीवाल्यांना सांगावं लागतं. विंडोजने स्वतःहून साधा ड्रायव्हर टाकलेला असेल तर तो बदलून कंपनीचा पूर्ण ड्रायव्हर टाकावा लागतो. एचपीच्या काही छोट्या लेझरजेट प्रो मशीनना जॉब साठवायला जागाच नसते. त्यांच्या मागच्या पोर्टमध्ये किमान १६ जीबीचा पेनड्राइव्ह कायमचा लावून ठेवावा लागतो. ही कामं ऐन सकाळी होत नाहीत, म्हणून आदली संध्याकाळ.

टॅब मिळाला की `Personal Job` किंवा `Private Job` निवडायचं, `Stored Job` नाही. दोन्हींना पिन लावता येतो, त्यामुळे गफलत होते. पहिल्या प्रकारात छापून झालं की जॉब मशीनमधून जातो. दुसऱ्यात तो तिथेच राहतो, पुन्हा पुन्हा छापण्यासाठी. रजेच्या कोऱ्या फॉर्मला ते ठीक आहे, पगाराच्या पत्राला अजिबात नाही. पिन चार आकडी असतो. आपलं जन्मवर्ष, एक्स्टेन्शन नंबर आणि १२३४ सोडून काहीही घ्या.

आता माझी चूक कुठे झाली ते सांगते. प्रिंटच्या खिडकीत केलेली ही निवड त्या प्रोग्रॅमपुरती आणि तो उघडा असेपर्यंतच टिकते. सकाळी मी वर्डमधून पिन लावून काही पत्रं काढली. दुपारी उरलेल्या पीडीएफ फोल्डरमध्ये निवडून राइट क्लिक करून `Print` केलं. तिथे कुठलीच खिडकी उघडत नाही, कॉम्प्युटर नेहमीच्या सेटिंगने कागद सरळ पाठवून देतो. म्हणून मी आता दोन गोष्टी करते. आयटीकडून माझ्या कॉम्प्युटरवर तोच प्रिंटर दुसऱ्या नावाने जोडून घेतला आहे आणि त्या दुसऱ्याच्या `Printing preferences` मध्येच खासगी जॉब आणि पिन कायमचा ठरवून ठेवला आहे. त्या नावाने पाठवलेला कुठलाही कागद थांबतोच. आणि सगळी पत्रं एका पीडीएफमध्ये जोडते. ३४ पत्रं, प्रत्येक दोन पानी, पाठपोट छापली की ३४ कागद, पण जॉब एकच. वेगवेगळे ३४ जॉब मशीनच्या यादीत लोंबकळत ठेवले तर एखादा सोडायचा राहतोच.

फाइलचं नाव बदलायला विसरू नका. पिन पानांना लागतो, नावाला लागत नाही. मशीनच्या पॅनेलवर `Print from Job Storage` उघडलं की तुमच्या नावाखाली फाइलचं नाव कोणालाही दिसतं. तिथे कोणाचं नाव आणि पुढे ‘वेतनवाढ’ असं लिहिलेलं असेल तर अर्धी बातमी तिथेच फुटली. ड्रायव्हरमध्ये जॉबला वेगळं नाव देता येतं, पण कॉम्प्युटरच्या प्रिंट रांगेत मूळ फाइलचंच नाव दिसत राहतं. म्हणून मी फाइलच ‘पत्रे-अ’ अशा नावाने सेव्ह करते.

मग एक खोटं पान, नुसतं ‘चाचणी’ लिहिलेलं, त्याच वाटेने पाठवून बघायचं. मशीनपाशी जाऊन दोन मिनिटं उभं राहायचं. काहीही बाहेर येता कामा नये. यादीत ते कुलुपाच्या खुणेसह दिसलं, पिन टाकल्यावर छापलं आणि नंतर यादीतून गेलं, म्हणजे सगळं जुळलं. जॉब किती वेळ धरला जातो हेही त्याच वेळी आयटीला विचारा. ठरलेल्या वेळेनंतर न छापलेला जॉब पुसला जावा अशी सेटिंग असते. शिवाय साठवण नुसत्या मेमरीत असेल तर वीज गेल्यावरही जॉब जातो. म्हणून खरी पत्रं रात्री पाठवून ठेवू नका, सकाळीच पाठवा.

पिनचा आवाका कुठे संपतो तेही माहीत असलेलं बरं. पिन म्हणजे कागदावरचं कुलूप, वाटेवरचं नव्हे. एचपीचा ड्रायव्हर जॉबच्या सुरुवातीला साधारण असं लिहून पाठवतो:

```
@PJL SET HOLD=ON
@PJL SET HOLDTYPE=PRIVATE
@PJL SET HOLDKEY="4827"
```

नेटवर्कवरचा हा प्रवास कूटबद्ध नसेल तर पिन आणि मजकूर दोन्ही उघडेच जातात. कूलरपाशी उभ्या असलेल्या माणसापासून पिन वाचवतो, नेटवर्क चोरून वाचणाऱ्यापासून नाही. त्यासाठी कूटबद्ध प्रिंटिंग आयटीनेच चालू करावं लागतं.

सकाळी मशीनपाशी जाताना हातात फोल्डर आणि कागदाचं नवं रिम असू द्या. खरा घोटाळा पिन टाकल्यानंतर होतो. बारा पत्रं आली आणि कागद संपला, तर मशीन थांबतं, आणि कोणी दुसऱ्याने ट्रे भरला की उरलेली बावीस त्याच्यासमोर येतात. कागद अडकला तरी तसंच: अडकलेला तुकडा काढला की मशीन ते पान पुन्हा छापतं आणि पुढे चालू लागतं. म्हणून आयटीला बोलवायला जागा सोडण्याआधी पॅनेलवरून जॉब रद्द करा. उरलेली पानं पुन्हा पाठवावी लागली तरी चालतील. फाटलेला तुकडा बाजूच्या टोपलीत टाकू नका, त्यावर नाव आणि आकडा दोन्ही असू शकतात. तोही फोल्डरमध्ये घाला, बाहेरच्या ट्रेमधला सगळा गठ्ठा उचलून तिथेच मोजा, ३४ भरतात का बघा, दुसऱ्याचं एखादं पान मध्ये आलं असेल तर परत ठेवा, आणि निघण्याआधी पॅनेलवरची यादी एकदा उघडून आपल्या नावाखाली काही उरलं नाही ना ते पाहा.